रॉड नडगीच्या आरपार

बाजूने काढलेल्या फोटोत माणसाचं पोट तेवढं निर्विवाद खरं असतं. पाठ, गुडघे, टाचा, वजन कुठे पडतंय, हे सगळे वादाचे विषय. पण जिममधला कुणीही आपला फोटो पुढे करून ‘माझं पोट कसंय?’ असं विचारत नाही. तो विचारतो, ‘फॉर्म कसाय?’

माझा भाचा डोंबिवलीला असतो. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि उरलेल्या वेळात डेडलिफ्ट मारतो. त्याच्या आईच्या मते हे उलट आहे. त्याने नव्वद किलो उचलतानाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, फॉर्म बघ ना.’ मी एके काळी पॉवरलिफ्टिंग करायचो आणि पुढे जिल्ह्याच्या स्पर्धांत पंचाच्या खुर्चीवर बसलो, एवढ्या भांडवलावर आमच्या घरात मला या विषयातला धन्वंतरी समजतात. पण माझ्याआधी तीन निकाल लागून गेले होते. जिममधले सर म्हणाले, “रॉड पार टाचेवर आहे, तू मागे पडतोयस.” मित्र म्हणाला, “पाठ गोल आहे, मणका गेलाच समज.” आणि माझी बहीण म्हणाली, “तोंड किती लाल झालंय ते आधी बघ!” तिघांपैकी फोटोत खरोखर दिसत असलेली गोष्ट फक्त बहिणीने सांगितली होती.

आधी सरांचं घेऊ. त्यांच्या म्हणण्यात तत्त्व बरोबर आहे. डेडलिफ्टमध्ये रॉड पावलाच्या मध्यावर असला पाहिजे. म्हणजे बुटाच्या लेसच्या गाठीखाली, टाचेवर नाही आणि बोटांवरही नाही. फोटोत मात्र रॉडचं टोक बरोब्बर टाचेच्या कडेवर दिसत होतं. बघणाऱ्याने हळहळावं असंच ते दृश्य होतं. फक्त एक अडचण होती. रॉड असतो नडगीच्या पुढे आणि टाच असते नडगीच्या मागे. रॉड खरोखर टाचेवर असेल, तर तो माझ्या भाच्याच्या दोन्ही नडग्यांमधून आरपार गेलेला असला पाहिजे. तसं झालं असतं, तर फोटो मला आला नसता, हाडांच्या डॉक्टरांकडे गेला असता.

मग फोटो खोटं बोलत होता का? नाही. तो रॉडच्या टोकाबद्दल बोलत होता आणि आपण पायांजवळच्या रॉडबद्दल ऐकत होतो. पूर्ण मापाचा रॉड सात फुटांहून थोडा लांब असतो, म्हणजे त्याचं एक टोक उचलणाऱ्यापासून साडेतीन फूट कॅमेऱ्याच्या दिशेने पुढे आलेलं असतं. फोटो काढणारा दहा फुटांवर उभा आहे असं धरा, पण रॉडच्या बरोबर रेषेत नाही. बाजूच्या बाकड्याची अडचण म्हणून भाच्याच्या तोंडाच्या दिशेला एक फूट सरकून. आता कॅमेऱ्यातून निघालेली नजर रॉडच्या टोकापर्यंत साडेसहा फूट जाते आणि तेवढ्यात एक फूट मागच्या अंगाला कलते. तीच नजर तशीच पुढे अलीकडच्या पावलापर्यंत न्या. आणखी तीन फूट, आणि त्यात आणखी साधारण साडेपाच इंच कलणार. बूट अकरा इंचांचा असेल, तर मध्यापासून टाचेपर्यंतचं अंतर किती? साडेपाच इंच. सरांनी पकडलेली चूक तंतोतंत तेवढीच होती. चूक बाकड्याची होती.

फोटो काढणारा दुसऱ्या अंगाला फूटभर सरकला असता, तर हाच रॉड बोटांवर दिसला असता आणि सरांनी ‘पुढे पडतोयस’ म्हणून झापलं असतं. सरांचा आवाज दोन्ही वेळा तितकाच ठाम राहिला असता, याबद्दल मला शंका नाही.

फोटो सरळ काढलाय की नाही, हे फोटोच सांगतो, पण त्यासाठी माणसाकडे न बघता प्लेटांकडे बघावं लागतं. कॅमेरा रॉडच्या रेषेत असेल, तर अलीकडची प्लेट पलीकडचीला पूर्ण झाकते. भाच्याच्या फोटोत पलीकडच्या प्लेटची चांगली तीन बोटं कोर पुढच्या बाजूने डोकावत होती. कॅमेरा पुढे सरकल्याची ती कबुलीच. अशी कोर दिसली, की रॉड आणि पाऊल यांच्यावर बोलणं बंद करावं. मुली बघण्याच्या काळात फोटोतली उंची मोजायला मागच्या दाराची चौकट बघणारे काका असायचे; इथे तसंच करायचं.

प्लेटांकडे बघता बघता आणखी एक गोष्ट दिसली, जी फोटोत उघड असूनही कुणी बघितली नव्हती. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास 45 सेंटिमीटर असतो, त्यामुळे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर, म्हणजे जवळपास नऊ इंचांवर राहतो. भाच्याच्या जिममध्ये वीसच्या प्लेटा मोजक्याच आणि त्या कायम लेग प्रेसवर मुक्कामाला. म्हणून याने दहा-दहाच्या तीन आणि पाचाची एक, अशी दोन्ही बाजूंना रास लावली होती. त्या दहाच्या प्लेटा जेमतेम फूटभर व्यासाच्या. म्हणजे रॉड सहा इंचांवर आला. तीन इंच ऐकायला किरकोळ वाटतात, पण आधीच कंबर आणि मांड्या ताणून खाली पोचलेल्या माणसाला अजून तीन इंच खाली जायला सांगा. ते तीन इंच तो पाठीतून देतो.

मित्राची ‘गोल पाठ’ ही, अशी. तीही अर्धीच. सैल टी-शर्ट पाठीवरून लोंबत होता. त्याखाली वाक खांद्यांच्या पात्यांजवळ होता की कमरेत, हे शिवणाऱ्यालाच माहीत. पात्यांजवळ थोडा बाक ठेवून वर्षानुवर्षं उचलणारे दांडगे लोक आहेत. कमरेतल्या वाकाची मला जास्त काळजी वाटते. पण त्याहून मोठा प्रश्न असा, की पाठ कधी वाकली? रॉड जमिनीवर असतानाच ती तशी होती आणि वरपर्यंत तशीच राहिली, की सुरुवातीला सरळ होती आणि रॉड सुटताना मुडपली? दुसऱ्या प्रकारात वजन पाठीला हरवतंय. पहिल्या प्रकारात तसं म्हणता येत नाही. दोन्हींचा अधलामधला फोटो मात्र हुबेहूब एकच येतो.

भाच्याने चिवटपणे दुसऱ्या दिवशी स्क्वॉटचा फोटो पाठवला. “हा तरी बघ. सर म्हणतात, अर्धाच बसलोय.” पॉवरलिफ्टिंगचा नियम सोपा आहे: जांघेची घडी गुडघ्याच्या वरच्या टोकाच्या खाली गेली पाहिजे. फोटोत ती दोन-एक इंच वर होती. पण स्क्वॉटमधला सगळ्यात खालचा क्षण हा क्षणच असतो. मित्राने बटण दाबलं, ते भाच्याच्या तोंडून ‘हंऽऽ’ ऐकू आल्यावर, आणि ‘हंऽऽ’ माणूस उठताना करतो. अशा फोटोवरून ‘किमान इतका तरी बसला’ एवढंच म्हणता येतं. घडी गुडघ्याखाली दिसली असती, तर बसला हे सिद्ध. वर दिसली, तर काहीच सिद्ध नाही.

आणि खाली दिसली तरी फोन कुठे होता ते विचारावं. समजा, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून जमिनीवर ठेवलेला, आणि तोही थोडा समोरून तिरका. यात गुडघा कॅमेऱ्याच्या जवळ आणि जांघ लांब. जमिनीवरून वर बघणाऱ्या कॅमेऱ्याला लांबची गोष्ट खाली उतरल्यासारखी दिसते, त्यामुळे जांघ फुकटात दोन इंच खोल जाते. हाच फोन उभ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर धरला, तर तेच दोन इंच वजा. स्क्वॉट खोल व्हायला वर्ष लागतं. बाटलीला अर्धा मिनिट.

पाय फाकवून, चवडे बाहेर वळवून बसणाऱ्यांची तर आणखीच गंमत. मांडी तिरकी कॅमेऱ्याकडे येते, म्हणून आखूड दिसते. तीस अंशांत सोळा इंचांची मांडी चौदाची होते. मग मुळात लांब मांडीचा माणूस फोटोत साध्या मांडीचा दिसतो आणि लोक विचारतात, हा एवढा पुढे का वाकलाय? त्याला वाकावंच लागतं, नाहीतर रॉड पावलामागे जाऊन तो पाठीवर पडेल. गुडघे आत पडणं, एका पायावर जास्त भार देणं, हे बाजूच्या फोटोला माहीतच नाही. अलीकडचा पाय पलीकडच्याला झाकून बसलेला असतो.

म्हणून तर स्पर्धेत तीन पंच असतात. एक समोर, दोन दोन बाजूंना, आणि पांढरे-लाल दिवे. तिघांपैकी दोन पांढरे मिळाले, की वजन उचललं. बाजूच्या खुर्चीवरून मी लाल दिवा दिला आणि पलीकडच्या बाजूच्या पंचाने पांढरा, असं कितीदा झालंय. आम्ही दोघेही डोळे उघडे ठेवून बसलेलो होतो, हे खेळाडूंना कधी पटत नाही. शिवाय काही दोष तर फोटोत सापडूच शकत नाहीत. डेडलिफ्टमध्ये रॉड वर जाताना मध्येच किंचितही खाली आला, तर प्रयत्न बाद. आता ‘खाली आला’ हे एका फोटोत कसं दाखवणार?

शेवटी भाच्याला लिहून दिलं. फोन कमरेच्या उंचीवर, स्टूलावर. रॉडच्या रेषेत, बारा-पंधरा फूट लांब, पलीकडची प्लेट दिसता कामा नये. पूर्ण सेटचा व्हिडिओ. एक सेट मागून तिरका. टी-शर्ट खोचून. आणि प्लेटांखाली रबरी मॅटची थप्पी लाव, रॉड नऊ इंचांवर येईल एवढी.

व्हिडिओ आला. रॉड पावलाच्या मध्यावर, सरळ वर. पाठ मॅटच्या कृपेने बरी. पण चौथ्या रेपपासून एक गोष्ट सुरू झाली, जी सर, मित्र, बहीण आणि मी, कुणालाच फोटोत दिसली नव्हती: पार्श्वभाग आधी उठायचा आणि रॉड तिथेच. पाय जवळपास सरळ होऊन जायचे आणि मग उरलेलं सगळं ओझं एकट्या कमरेवर. व्हिडिओ थांबवून त्यातली कुठलीही एक फ्रेम काढा, माणूस निर्दोष. दोन लागोपाठ ठेवा, की चोरी उघडी.

“म्हणजे पार्श्वभाग अजून खाली ठेवू?” त्याने फोनवर विचारलं.

“नको. ठेवलास तरी तो रॉड सुटायच्या आधी उठणारच. झटका मारू नकोस. आधी हळू ताण दे, रॉड प्लेटांच्या भोकात वर टेकल्याचा ‘टक’ आवाज येईपर्यंत. मग जमीन पायांनी खाली ढकल, छाती आणि कंबर एकदम वर येऊ देत. आणि ऐंशीवर ये.”

“ऐंशी?” थोडा वेळ शांतता. “बरं. पण मामा, डीपीला कुठली फ्रेम लावू?”

“तिसऱ्या रेपमधली. अर्ध्यावरची.”

“त्यात फॉर्म चांगला आहे?”

“ते नाही सांगता येणार. त्यात तोंड लाल नाहीये.”