आयपी पत्ता हीच ओळख

फ्रँकफर्टहून एखादं भारतीय सरकारी पोर्टल उघडा: 403 Forbidden. पासपोर्ट भारतीय, पण आयपी पत्ता जर्मन, म्हणजे तुम्ही संशयित. मग व्हीपीएन! २०२२ मध्ये सरकारने व्हीपीएनवाल्यांना ग्राहकांच्या नोंदी ५ वर्षं ठेवायला सांगितलं. काही बड्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर गुंडाळले आणि बाहेर बसूनच भारतीय पत्ते वाटायला घेतले. म्हणजे खरा भारतीय दाराबाहेर आणि परदेशातलं यंत्र ‘या, बसा’ म्हणत आत! बँक जास्त संशयी. एकाच पत्त्यावरून अनोळखी गर्दी दिसली तर लॉगिन अडवू शकते. फुकटच्या व्हीपीएनला पासवर्ड सहसा दिसत नाही, पण तुमची बँक कुठली, हे कळतंच. त्यापेक्षा पुण्यातल्या भावाच्या राउटरवर वायरगार्ड बसवा. पत्ता अस्सल घरगुती. फक्त वहिनींनी मिक्सरसाठी राउटरचा प्लग काढला, की तुम्ही पुन्हा जर्मन.