पंधरा मिनिटांत तंजावर

वेस्ट मांबलममध्ये व्याख्यान ऐकायला माणसं मिळत नाहीत, अशी तक्रार कुणी करू नये. अयोध्या मंडपापासून पोस्टल कॉलनीपर्यंत कुठल्या ना कुठल्या हॉलमध्ये संध्याकाळी कुणीतरी माइकसमोर उभं असतं आणि समोर पन्नास खुर्च्या तरी भरलेल्या असतात. तुटवडा श्रोत्यांचा नाही, वेळेचा आहे. तो कसा निर्माण होतो, हे पाहायचं असेल तर आमच्या तंजावरी मराठी मंडळींच्या एखाद्या वार्षिक समारंभाला यावं.

परवाच्या समारंभाची पत्रिका अगदी रीतसर होती. साडेपाचला दीपप्रज्वलन, सहा ते सहा चाळीस व्याख्यान, विषय ‘तंजावरचे मराठे’, मग आभार आणि कॉफी. प्रत्यक्षात समई सहा वाजून गेल्यावर पेटली, कारण प्रमुख पाहुणे दुरैस्वामी सबवेत अडकले होते. मग प्रार्थना, स्वागत आणि पोन्नाडै. एका शालीला साधारण दीड मिनिट लागतं: नाव पुकारणं, मागच्या रांगेतून त्या माणसाला पुढे आणणं, शाल उलगडणं, फोटोवाल्याकडे तोंड करून हसणं, आणि फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा हसणं. अशा नऊ शाली होत्या. नंतर प्रमुख पाहुणे ‘दोन शब्द’ बोलायला उठले. त्यांनी आपल्या नोकरीतल्या बदल्या क्रमानं सांगितल्या. बदल्या बऱ्याच झाल्या होत्या.

ते मदुरैपर्यंत आले तेव्हा सेक्रेटरी व्याख्यात्यांच्या कानाशी वाकले. “सार, पंधरा मिनिटांत आटपा. साडेसातला हॉल सोडायचाय. मागून एक निश्चितार्थम् आहे.”

चाळीस मिनिटांची पंधरा झाल्यावर वक्ते काय काय करतात, याचा या शहरात भरपूर अनुभव आहे. सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे तेच सगळं वेगानं बोलणं. मराठीत माणूस सावकाश बोलला तर मिनिटाला सव्वाशेच्या आसपास शब्द होतात. म्हणजे चाळीस मिनिटांचे पाच हजार. ते पंधरा मिनिटांत बसवायचे तर मिनिटाला सव्वातीनशेहून जास्त शब्द लागतील, आणि त्या गतीला श्रोता फक्त वक्त्याच्या श्वासाची काळजी करतो. दुसरा उपाय पडद्यावरच्या चित्रांचा. वक्ता बटण दाबत जातो आणि प्रत्येक चित्रावर सांगतो, “हे फार महत्त्वाचं होतं, पण वेळेअभावी सोडतो.” न सांगितलेल्या गोष्टींची यादी ऐकवण्यातच दहा मिनिटं जातात. तिसरा उपाय दुःखाचा. मुळात चाळीस मिनिटं कबूल झाली होती, हे तीन मिनिटं सांगायचं, म्हणजे उरतात बारा.

आमचे वक्ते निवृत्त प्राध्यापक. त्यांनी चौथा उपाय निवडला, जो सुशिक्षितांचा असतो: सगळ्यांत थोडी थोडी कपात. त्यांच्या कागदांवर आठ भाग होते. नमन आणि स्वपरिचय तीन मिनिटं, शहाजीराजांची बंगळूरची जहागीर पाच, व्यंकोजींनी तंजावर घेतलं ते चार, पुढच्या राजांची यादी आठ, सरस्वती महाल सहा, दुसरे सरफोजी आठ, बृहदीश्वर मंदिरातला मराठी शिलालेख चार, आणि शेवटी सांबार दोन. पेन्सिल काढून ते प्रत्येक आकड्याला तीननं भागू लागले.

त्यांच्या शेजारी एक मामी बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, उभं आयुष्य हरिकथा केलेल्या. त्यांनी पेन्सिल काढून घेतली.

ही मध्यस्थी नीट कळायला एक जुनी गोष्ट ठाऊक हवी. हरिकथा हे आपल्या कीर्तनाचंच तमिळ मुलखातलं रूप. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातले कीर्तनकार तंजावरला आले, त्यांची घडण तंजावर कृष्ण भागवतरांनी उचलली, तिच्यात कर्नाटक संगीत आणि तमिळ मजकूर घातला, पण साकी-दिंडीसारखे मराठी छंद ठेवले. कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात एखादं पद घेऊन त्यातल्या विचाराचं निरूपण करायचं, उत्तररंगात तो विचार पटवणारं आख्यान लावायचं. ही कला चार तास चालू शकते आणि अर्ध्या तासातही बसते. पुढे तबकड्या निघाल्या तेव्हा एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत. त्यामुळे काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हा प्रश्न या घराण्यात शंभर वर्षं तरी सोडवला जातो आहे.

“ही माणसं घरी गेल्यावर दाराशी विचारतील, काय ऐकून आलात? तर काय सांगतील?” मामींनी विचारलं.

“तंजावरच्या मराठ्यांचं दाक्षिणात्य संस्कृतीला योगदान.”

“हे पत्रिकेवर लिहायला बरं. सांगायला वाक्य लागतं रे, त्यात कुणीतरी काहीतरी केलेलं लागतं.”

पाहुणे मदुरैहून कोइमतूरला गेले तोवर प्राध्यापकांना वाक्य सापडलं. 1799च्या तहानं दुसऱ्या सरफोजींच्या हातून राज्यकारभार इंग्रजांकडे गेला, हातात किल्ला आणि आसपासचा थोडा भाग उरला, आणि राज्य करायचं नाही म्हटल्यावर या राजानं ग्रंथ, छापखाना आणि वैद्यकी यांत आयुष्य घातलं.

वाक्य हाती आलं की कापायला हिंमत लागत नाही, कारण प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारायचा असतो: या वाक्याशी तुझं काय नातं? शहाजीराजांची जहागीर गेली. व्यंकोजी 1676मध्ये तंजावरच्या गादीवर बसले, एवढं एक वाक्य उरलं, कारण त्याशिवाय मराठी राजा इथे आला कुठून हे कळत नाही. राजांची यादी तर आनंदानं गेली. त्या घराण्यात दोन एकोजी, दोन तुळजाजी आणि दोन सरफोजी आहेत. भागाकार केला असता तर ही सगळी मंडळी पावणेतीन मिनिटांत येऊन गेली असती आणि कोण कुणाचा मुलगा हे घरच्यांनाही समजलं नसतं. थोड्या थोड्या कपातीचा तोटा हाच. आधी उदाहरणं जातात, कारण ती लांब असतात, आणि नावं व सनावळ्या उरतात, कारण त्या आखूड असतात.

शिलालेखावर वाद झाला. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजींनी 1803मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. तो इतका लांब आहे की तेव्हा घंटा वाजवणारा अध्यक्ष नव्हता हे स्पष्ट दिसतं. प्राध्यापकांचा त्याच्यावर जीव. मामी म्हणाल्या, “तो सरफोजींचाच ना? मग ठेव, पण एक वाक्य. राज्य गेल्यावर चार वर्षांनी राजा घराण्याचा इतिहास दगडावर कोरून घेतो.” आणि खरंच, चार मिनिटांच्या वर्णनापेक्षा त्या वाक्यात जास्त होतं.

सांबार मात्र मामींनी स्वतः खोडलं. संभाजीराजांच्या नावावरून सांबार झालं ही कथा सगळ्यांना पाठ आहे आणि तिला भक्कम पुरावा नाही. “आणि ते कुणीतरी विचारणारच. तुला फुकट दोन मिनिटं मिळतील.”

उरलं आख्यान. सरफोजींच्या धन्वंतरी महालात नेत्ररोगांवर उपचार होत. रुग्णांच्या नोंदी ठेवल्या जात आणि त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रं काढली जात. ती चित्रं आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. प्राध्यापकांच्या कागदांवर हा मजकूर दीड मिनिटाचा होता, सहाव्या भागाच्या पोटात. मामींनी त्याला सहा मिनिटं दिली आणि भाषणाच्या तोंडाशी आणला. म्हणजे वेळ कमी झाला असताना एक भाग चौपट झाला. वक्त्यांना हे पटायला वेळ लागतो. भाषण आखूड करायचं तर सगळं बारीक करायचं नसतं, बरंच टाकायचं आणि जे ठेवलं त्याला ऐसपैस बसू द्यायचं. पूर्वरंगही सगळा टाकून चालत नाही. तहाचं वाक्य गेलं की डोळ्यांची चित्रं नुसती गंमत उरतात.

मग मामींनी हिशेब केला. पंधरा मिनिटांत दोन मिनिटं माइक खाली-वर करण्यात आणि परिचयात जाणार. म्हणजे तेरा, म्हणजे सोळाशे शब्द. कागदावर “पाच मिनिटं”, “दहा मिनिटं” असं न लिहिता घड्याळाची वेळ लिहायची, कारण बोलता बोलता वजाबाकी होत नाही. सात पाचला सुरुवात, सात तेराला चित्रं संपली पाहिजेत, सात वीसला शेवट. शेवटची दोन वाक्यं आधी लिहून वेगळ्या चिठ्ठीवर ठेवायची, म्हणजे कुणी दोरी ओढली तरी तिथे उडी मारता येते. आणि मध्ये एक भाग असा ठेवायचा की उशीर झाला तर तो गुपचूप गळून पडावा. तो होता छापखान्याचा: सरफोजींच्या तंजावरात इसापच्या गोष्टी ‘बालबोधमुक्तावली’ या नावानं मराठीत छापल्या गेल्या. गोष्ट गोड आहे, पण ती गळाली तर पुढचं-मागचं सांधलेलंच राहतं. पडद्यावरच्या बत्तीस चित्रांपैकी पाच ठेवून बाकीची लपवली.

या पद्धतीला मर्यादा आहे, तीही सांगतो. 1799च्या तहामागे वारसाहक्काचा मोठा तंटा होता, अमरसिंग आणि सरफोजी यांच्यातला. तो एका वाक्यात सांगितला की जाणकाराला बोचतो. त्याचं उत्तर खिशात ठेवायचं, भाषणात नाही.

सात सहाला प्राध्यापक उठले. दिलगिरी नाही, तक्रार नाही. पहिलं वाक्य होतं, “हा दोनशे वर्षांपूर्वीच्या तंजावरमधल्या एका रुग्णाचा डोळा आहे.” फोटोवाला शाली मोजायचं सोडून पडद्याकडे बघू लागला. सात तेराला ते एक मिनिट मागे होते, छापखाना गळाला, कुणालाही कळलं नाही. सात वीसला चिठ्ठीवरची दोन वाक्यं वाचून ते बसले. पहिला प्रश्न सांबाराचा आला.

मग अध्यक्ष समारोपाला उठले. व्याख्यात्यांनी वेळ पाळली याबद्दल त्यांनी कौतुक केलं, आणि ते कौतुक अकरा मिनिटं चाललं. बाहेर निश्चितार्थमची मंडळी नादस्वरवाल्यासह उभी होती. कॉफी जिन्यात प्यावी लागली.

म्हणून व्याख्यात्यांना माझं काही सांगणं नाही, त्यांना मामी भेटतील. सांगणं आहे ते संयोजकांना. समई पेटली की आधी व्याख्यान ठेवा आणि शाली शेवटी द्या. शाल घ्यायची असलेला माणूस हॉल सोडून कुठेही जात नाही.