टिक्की उलटण्याबाबत नेदरलँड्सस्थित मराठी कुटुंबांसाठी मार्गदर्शक सूचना

नेदरलँड्समध्ये केस कापायलाही आधी वेळ घ्यावी लागते. मुलाच्या मित्राला खेळायला बोलवायचे तरी दोन्ही घरच्या आया डायरी उघडून बसतात. इथे चार वर्षे काढली की आपलाही असा समज होतो की प्रत्येक गोष्टीची वेळ आधी ठरवता येते. तव्यावरची टिक्की हा समज मोडून काढते. बहुतेक टिक्क्या पीठ बिघडल्यामुळे मोडत नाहीत, त्या माणसाने ठरलेल्या वेळी उलटल्यामुळे मोडतात. सबब खालील सूचना सर्व संबंधितांच्या, विशेषतः हाती उलथने असलेल्यांच्या, माहितीसाठी देण्यात येत आहेत.

पहिला प्रश्न बटाट्याचा. इथल्या दुकानात बटाट्याच्या पिशवीवर त्याचा स्वभाव छापलेला असतो. ‘वास्तकोकंद’ म्हणजे शिजूनही घट्ट राहणारा आणि ‘क्राउमिख’ म्हणजे शिजल्यावर पिठाळ होऊन फुटणारा. आपल्याला दुसरा हवा. घट्ट बटाट्यात स्टार्च कमी नि पाणी जास्त असते, कुस्करला की तो चिकट होतो आणि त्याची टिक्की तव्याला लळा लावते. निकोला घट्ट गटातला, सॅलडसाठी उत्तम. टिक्कीसाठी बिन्त्ये मिळाला तर सोडू नये. फ्रीसलंडमधल्या सुआमेर गावच्या कॉर्नेलिस दे फ्रीस या शाळामास्तरांनी हे वाण तयार केले आणि त्याला आपल्या एका विद्यार्थिनीचे नाव दिले. ते 1910 साली बाजारात आले. आपल्याकडे मास्तर कोणाला बटाटा म्हणाले असते तर घरून तक्रार गेली असती.

बटाटे सालीसकट उकडावेत म्हणजे आत पाणी शिरत नाही. सोलल्यावर पातेल्यात मंद आचेवर दोन मिनिटे नुसते परतावेत, वाफ निघून जाते. मग गरम असतानाच पुरणयंत्रातून काढावेत. ज्यांनी सामानाच्या वजनाची मर्यादा झुगारून पुरणयंत्र इथवर आणले आणि ते वर्षातून एकदा होळीला वापरले, त्यांना ते सार्थकी लावण्याची ही संधी आहे. मिक्सरला मात्र सक्त मनाई. त्याच्या पात्याने बटाट्याच्या पेशी फुटतात, स्टार्च बाहेर येतो आणि हाती लगद्याऐवजी खळ लागते. कुस्करलेला बटाटा पूर्ण थंड होऊ द्यावा. थंड होताना स्टार्च घट्ट बसतो, आणि अर्धी बांधणी तिथेच फुकटात होते.

आता उदाहरण घेऊ. शनिवारी दुपारी चार वाजता पाहुणे येणार आहेत, डच आहेत, म्हणजे चारलाच येणार. कुस्करलेला बटाटा 600 ग्रॅम आणि मटार, गाजर, फरसबी मिळून 200 ग्रॅम. भाज्या फ्रोजन असतील तर वाफवून, फडक्यात बांधून पिळाव्यात. भाजीतले पाणी हा टिक्कीचा पहिला शत्रू आहे, कारण तव्यावर त्याची वाफ होते आणि ती बाहेर पडायला कवच फोडते. आले-मिरची, धने-जिरे आपापल्या घराण्याप्रमाणे. मीठ मात्र शेवटी, कारण तेही पाणी सोडायला लावते.

बांधणीसाठी 50 ग्रॅम जाडे पोहे कोरडेच मिक्सरला फिरवून घालावेत. ते उरलेली ओल पितात आणि चव बदलत नाहीत. पोहे संपले असतील तर बेसखाउट चुरावे, म्हणजे बाळ झाल्यावर वर बडीशेपेच्या रंगीत गोळ्या पेरून वाटतात तो गोल टोस्ट. मिश्रण पंधरा मिनिटे झाकून ठेवल्याशिवाय त्यावर मत देऊ नये. मग गोळा दाबून पाहावा. तळहाताला चिकटला तर अजून चमचाभर पोह्याचे पीठ, कडेला चिरा पडल्या तर पाण्याचा हात. घाबरून मूठमूठ कॉर्नफ्लोअर ओतणारे लोक टिक्की मोडण्यापासून वाचवतात, पण मग ती खाण्यापासूनही वाचते.

इतक्यात साधारण 70 ग्रॅमच्या बारा टिक्क्या होतात, तळहाताएवढ्या, दीड सेंटिमीटर जाड. कडा बोटाने गोल फिरवून गुळगुळीत कराव्यात, कारण फूट नेहमी कडेच्या चिरेतून सुरू होते. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून तव्यावर टाकण्याच्या क्षणी बारीक रव्यात घोळवाव्यात. आधी घोळवून ठेवल्या तर रवा ओला होतो आणि त्याचा उपयोग राहत नाही.

तव्याकडे वळू. घरात इंडक्शन असेल, तर त्याचा उतावळेपणा ओळखून असावे. ते तव्याचा फक्त कॉइलवरचा भाग झटकन तापवते, कडा थंडच राहतात. बूस्टचे बटण पाणी उकळायला आहे, त्याला हात लावू नये. नऊपैकी सहावर तवा ठेवून तीन-चार मिनिटे शांत बसावे आणि तीन मिलिमीटर तेल घालावे. तळ फुगलेला असेल तर तेल कडेला पळते आणि मधली टिक्की कोरडी जळते. तेलात मिश्रणाचा कण टाकावा. तळाशी गप्प बसला तर थांबा. लगेच बुडबुडे काढत सळसळला तर वेळ झाली. काळा पडला तर तवा बाजूला घ्या, नाहीतर धुराचा भोंगा बोलेल. 1 जुलै 2022 पासून तो घराच्या प्रत्येक मजल्यावर सक्तीचा आहे आणि त्याला फोडणी व आग यातला फरक कळत नाही.

28 सेंटिमीटरच्या तव्यात एका वेळी चारच टिक्क्या. जास्त ठेवल्या की तेल थंड पडते, टिक्क्या तळण्याऐवजी वाफवल्या जातात आणि तेल पितात.

यानंतरची पायरी म्हणजे काहीही न करणे, आणि ती सर्वांत अवघड आहे. ओला स्टार्च तापलेल्या धातूला टेकला की चिकटतोच, विशेषतः स्टीलच्या किंवा बिडाच्या तव्यावर. पृष्ठभागातले पाणी वाफ होऊन गेले, कवच कोरडे आणि कडक झाले, की त्याची पकड आपोआप सुटते. तोवर खाली उलथने घालणे म्हणजे कवच तव्याला देऊन आतला लगदा स्वतः ठेवणे. अशा वेळी सांगलीला व्हिडिओ कॉल लावण्याची पद्धत आहे.

“आई, सुटतच नाहीये.”

“ती नाही सुटत की तू नाही सोडत? उलथनं खाली ठेव आधी.”

खुणा अशा. सुरुवातीची मोठी चुरचुर बारीक होते. खालच्या कडेला तपकिरी रेघ दिसते आणि वर चढू लागते. मग तव्याचा दांडा हलकेच हलवावा. टिक्की जागची सरकली तर उलटा. हलली नाही तर आणखी अर्धा मिनिट, आणि पुन्हा तेच. एक सरकली म्हणून चारही उलटू नयेत, मधलीची आणि कडेचीची वेळ सारखी नसते. उलटताना पातळ उलथने तव्याला टेकवून एका झटक्यात खाली न्यावे आणि आपल्यापासून दूर पालटावे. नॉनस्टिकवर जवळपास सगळेच सरकते, म्हणून तिथे सरकण्यावर नव्हे, रंगावर विश्वास ठेवावा. दुसरी बाजू लवकर होते, कारण टिक्की आतून तापलेली असते.

प्रत्येक घाण्यानंतर तेलातला रवा झाऱ्याने काढावा, कमी पडलेले तेल कडेने सोडावे आणि कणाची परीक्षा पुन्हा घ्यावी. काढलेल्या टिक्क्या जाळीवर सुट्या ठेवाव्यात. डब्यात रचून झाकण लावले, तर एवढ्या कष्टाने बाहेर काढलेली वाफ पुन्हा कवचातच मुरते.

पाहुण्यांना आवडली तर ते फोन काढून कृती लिहून घेतील. ग्रॅम विचारतील, ते सांगावेत. मग विचारतील, एका बाजूला किती मिनिटे? सुटेपर्यंत, असे सांगावे. ते मान डोलावतील आणि चार मिनिटे असे लिहितील.