चि. सौ. कां. दशांश तीन पाच

लग्नपत्रिका हा मराठी छपाईतला असा प्रकार आहे, की ज्यात गणपती मोठा आणि मुहूर्त बारीक असतो. मानपान, आहेर, मामा-आत्यांची पलटण यांना जागा पुरवता पुरवता शेवटी लग्नाची वेळ आणि कार्यालयाचा पत्ता तेवढा मुंगीच्या पावलांनी छापला जातो, तोही लाल कागदावर सोनेरी शाईत. अशी पत्रिका काटोल-नरखेडकडून निघून पांढुर्ण्याच्या एखाद्या मावशीच्या हातात पडते, तेव्हा चष्म्याचा नंबर बदलून उपयोग नसतो. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘फोनला वाचायला लावू.’ फोन वाचतो. आणि मावशीला एवढंच कळतं, की कुठल्या तरी परप्रांतीय पाहुण्याला आपल्याकडच्या लग्नाचं आमंत्रण आलं आहे.

दोष बहुतेक वेळा गतीला दिला जातो. ‘फार भरभर वाचतो, हळू कर.’ गती अर्ध्यावर आणली, की तोच पाहुणा आता सुपारी तोंडात ठेवून बोलतो. मग आवाज बदलून पाहतात, बाईचा, बुवाचा, जाड, बारीक. माझं म्हणणं असं, की हा सगळा क्रमच उलटा आहे. आधी भाषा बघावी, मग मजकूर नीट करावा, मग विराम घालावेत. गतीचा काटा आणि आवाजाचं गोडपण यांचा नंबर त्यानंतर लागतो. त्यांच्यापासून सुरुवात करणं हे मुलगी बघायला गेल्यावर पोह्यांवरून निर्णय घेण्यासारखंच आहे.

भाषेचा घोळ पांढुर्णा आणि सौंसरमध्ये जितका होतो तितका पुण्यात होणार नाही, आणि त्याचं कारण १९५६ सालात आहे. राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि छिंदवाडा जिल्हा, त्यातल्या या मराठी बोलणाऱ्या पट्ट्यासह, मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, पत्रिकांवरचं ‘जि. छिंदवाडा’ बदलावं लागलं, पण शाळा, कचेरी आणि फोन हिंदीतच राहिले. फोन हिंदीत असला तरी एरवी काही बिघडत नाही. बिघडतं ते इथे, की मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत लिहितात आणि युनिकोडमध्ये दोघींना मिळून अक्षरांचा एकच गठ्ठा दिलेला आहे. ‘क’ हा ‘क’ आहे. तो मराठी की हिंदी हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. तेव्हा वाचणारं यंत्र एक तर शब्दांवरून अंदाज बांधतं, नाही तर फोनची जी भाषा ठरली आहे तीच धरून चालतं. पत्रिकेत निम्मी तर माणसांची आणि गावांची नावंच. त्यावरून अंदाज तरी काय बांधणार?

हिंदी आवाजानं मराठी वाचलं की काय होतं, हे गावाच्या नावापासूनच ऐकू येतं. मराठीत ‘सौंसर’मधला औ हा अ आणि उ एका दमात म्हटल्यासारखा असतो, हिंदीत तो ‘ऑ’कडे झुकतो आणि गाव ‘सॉंसर’ होतं. ‘पैसा’चा ‘पॅसा’ होतो, ‘औषध’चं ‘ऑषध’. ज्ञानेश्वरांचे ग्यानेश्वर होतात, कृपेची ‘क्रिपा’. सर्वांत वाईट गत होते ती शेवटच्या अनुस्वाराची. ‘केलं, झालं, बरं’ यांवरचा ठिपका मराठीत नाकात जात नाही, तो फक्त मागचा अ जरा लांबवतो. हिंदी आवाज मात्र तो प्रामाणिकपणे नाकातून वाजवतो, आणि सगळं लग्न सर्दी झाल्यासारखं पार पडतं. यात गती कमी केली तर सर्दी जास्त वेळ ऐकू येते, एवढाच फरक.

म्हणून आवाज पसंत करण्याआधी त्याला एक वाक्य म्हणायला लावावं. मी केलेलं वाक्य असं: ‘सौंसरच्या मावशीनं सकाळी चार गाईंना चारा घातला, ज्ञानेश्वरीचं पान उलटलं आणि औषधाचे पैसे मोजले.’ यात ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च वेगळा वाजला पाहिजे. पहिला चहातला, दुसरा चमच्यातला. लिपी हा फरक दाखवत नाही, तो शब्द ओळखीचा असेल तरच जमतो. त्यामुळे दोन्ही च सारखेच आले, तर परका गडी पकडला म्हणून समजा. चांगला मराठी आवाजही अधूनमधून इथे अडखळतो, पण औ, ज्ञ, ळ आणि अनुस्वार यांत तो चुकत नाही. अँड्रॉइड फोनमध्ये `Text-to-speech output` या नावाखाली आवाजाची भाषा निवडता येते आणि मराठी आवाज उतरवून घेता येतो. संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये आरोही आणि मनोहर अशी दोन मराठी स्थळं आहेत, पण ती इंटरनेट असेल तरच तोंड उघडतात.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. पांढुर्ण्यात हिंदी कुणाला कळत नाही? कळते, सगळ्यांना कळते. म्हणूनच विजेचं बिल, नगरपालिकेची नोटीस, असा हिंदीत आलेला कागद हिंदी आवाजानंच वाचावा. मराठी आवाजाला ‘भुगतान’ वाचायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे. हिंदी वाईट आहे असं मी म्हणतच नाही. एका भाषेचा कागद दुसऱ्या भाषेच्या तोंडातून काढू नये, एवढंच माझं म्हणणं. दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेनं येतो: मराठी आवाज मराठी खरा, पण तो पुण्याचा. इकडची मावशी डोळ्याला ‘डोया’ म्हणते. म्हणू दे. पण ती १९४८ पासून चालू असलेल्या नागपूर आकाशवाणीच्या बातम्या ऐकत आली आहे, आणि छापलेला शब्द छापल्यासारखा ऐकायची तिच्या कानाला सवय आहे. यंत्र आपणहून ‘डोया’ म्हणू लागलं, तर तिला ते आपुलकीचं वाटण्यापेक्षा नकला केल्यासारखं वाटायची शक्यता जास्त.

भाषा जमली की मजकूर. पत्रिकेची मराठी ही बोलण्याची मराठी नव्हेच, ती संक्षेपांची आहे. ‘चि. सौ. कां.’ हे तीन ठिपके पाहून यंत्र तीन वाक्यं संपल्यासारखं थांबतं: चि. सौ. कां. नवरी येईपर्यंत तीन स्टेशनं. पुढे ‘सायं. ६.३५ वा.’ आलं की काही आवाज ‘सहा दशांश तीन पाच’ म्हणतात, काही ‘सहा पॉइंट पस्तीस’, आणि ‘वा’ ही दाद समजून वेगळी देतात. ‘ता. सौंसर, जि. पांढुर्णा’ यातला ता आणि जि असेच सुटे पडतात. यावर गतीचा काटा काहीही करू शकत नाही. वाचायच्या आधी मजकूर उलगडून लिहावा लागतो: ‘चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी’, ‘संध्याकाळी सहा वाजून पस्तीस मिनिटांनी’, ‘तालुका सौंसर, जिल्हा पांढुर्णा’. मजकूर पत्रिकेच्या पीडीएफमधून उचलला आणि देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा चिवडा मिळाला, तर पत्रिका जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये जुळवलेली आहे, असं ओळखावं. मग फोटोवरून अक्षरं ओळखून घ्यावीत किंवा सरळ टाइप करावं. चार ओळींसाठी टाइप करणं लवकर होतं.

आता विराम. वृद्धांच्या ऐकण्यावर ब्रँडाइस विद्यापीठातल्या आर्थर विंगफील्ड आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. बोलणं दाबून वेगवान करायचं आणि वाचलेला वेळ शांततेच्या रूपानं परत द्यायचा. हा वेळ वाक्याच्या सांध्यांवर दिला तर ऐकलेलं जास्त आठवलं; कुठेही मधेच दिला तर तसा लाभ झाला नाही. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला शब्द ताणून नको असतात, दोन गोष्टींच्या मध्ये श्वास हवा असतो. मावशीला हे ठाऊकच असतं. कीर्तनकार भरभर बोलतो, पण नेमका थांबतो. म्हणून गती फार तर दहावा हिस्सा कमी करावी आणि उरलेलं काम स्वल्पविराम आणि पूर्णविरामांवर सोपवावं. ‘वार, तारीख, वेळ’ अशा एका ओळीच्या तीन ओळी कराव्यात. हे जमलं की नाही ते कळायला सोपं आहे: ऐकून झाल्यावर मावशीला ‘समजलं का?’ विचारू नये, ती ‘हो’च म्हणेल. ‘किती वाजता आहे?’ असं विचारावं.

आवाजाचा खालचा-वरचा सूर मी शेवटी ठेवला, कारण त्यात हाती फार लागत नाही. वयानुसार आधी उंच कंपनांचं ऐकू येणं कमी होतं, आणि स, श यांसारखी व्यंजनं तिथेच राहतात, मग बोलणारी आरोही असो की मनोहर. सूर खाली ओढून व्यंजनं परत येत नाहीत. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून खर्ज नीट निघतही नाही, मावशीला फक्त दशावतारातला राक्षस लग्नाला बोलावतो. दोन्ही आवाजांत एकेक आकडा वाचून घ्यावा आणि जो बरोबर ऐकू गेला तो ठेवावा.

एवढी खटपट दर वेळी कोण करणार, हा आक्षेप उरतो, आणि त्याला जोडून दुसरा: नातू वाचून दाखवेल की! नातू हिंदी माध्यमात शिकतो, मराठी बोलतो फाडफाड आणि वाचतो ठेचकाळत. शिवाय तो संपादक असतो. चार ओळी मनात वाचून ‘काही नाही, शनिवारी लग्न आहे’ एवढाच अंक प्रसिद्ध करतो. यंत्राला संपादनाची अक्कल नाही, ते प्रिंटिंग प्रेसच्या नावापर्यंत सगळं वाचतं, आणि मावशीला नेमकं हवं असतं तेच: निमंत्रकांत कुणाचं नाव कुणाच्या आधी घातलं आहे. नातवाला खटपट एकदाच लावावी. मजकूर सुधारून फाइल केली, आणि संगणकावर `edge-tts` बसवलेलं असलं, तर एका ओळीत तिचं ध्वनिमुद्रण होतं:

```
edge-tts --voice mr-IN-AarohiNeural --rate=-10% -f patrika.txt --write-media patrika.mp3
```

ते फोनवर पाठवलं, की भाषा बदलायची भानगड नाही आणि मावशी दहादा ऐकू शकते. एक जपायचं: इथे मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर जातो, तेव्हा लग्नाची पत्रिका चालेल, बँकेचं पासबुक नको.

राहता राहिली पत्रिकेची तळची ओळ, घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या नावानं छापलेली: ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ या ‘हं’वर भाषा, विराम, गती सगळे उपाय करून झाले, तरी आरोही तो एखाद्या तहसीलदारासारखाच म्हणते. ती ओळ फाइलमधून काढावी आणि नातवाला वाचायला द्यावी.