नका, नये आणि डोन्ट

गणपतीपुळ्यात माझ्या भाच्याची निवास-न्याहरी आहे. चार खोल्या, माडाखाली झोपाळा, सकाळी घावणे. पावसाळ्यात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून त्याने ईमेलचे जुने मसुदे सुधारायला काढले. ‘औपचारिक पत्रात डोन्ट लिहायचं नसतं, डू नॉट लिहायचं’ असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. मग काय, संगणकाला सांगितलं, दिसेल तिथे डोन्टचं डू नॉट कर. त्याने केलं. भाच्यापेक्षा तो आज्ञाधारक आहे.

पहिला बळी पुण्याचे आजोबा. बँकेतून निवृत्त, दर दिवाळीत येणारे, पत्रव्यवहार इंग्रजीतच. यंदा दिवाळीत जागा नव्हती. जुन्या मसुद्यात पुढचं वाक्य होतं, ‘व्हाय डोन्ट यू कम इन फेब्रुवारी?’ म्हणजे फेब्रुवारीत या की! त्याचं झालं, ‘व्हाय डू नॉट यू कम’. आजोबांचा मला फोन. “अहो, तुमच्या भाच्याला माझा काही राग आलाय का? आणि व्याकरण कधी सोडलंन त्याने?”

दोन्ही शंका रास्त. प्रश्नात डोन्ट एकजीव असतो, कर्त्याच्या आधी बसतो. तो सोडवला की नॉटला उठून कर्त्याच्या मागे जावं लागतं, ‘व्हाय डू यू नॉट कम’. व्याकरण सुधारलं, पण आमंत्रणाची उलटतपासणी झाली: का येत नाही, सांगा! या वाक्याला डोन्टशिवाय गत्यंतर नाही, पत्र आजोबांना असो की कलेक्टरांना.

खरी अडचण अशी की आपल्याकडे तू, तुम्ही, आपण अशी तीन मापं आहेत. जुना मित्र अचानक ‘आपण’ म्हणाला की समजावं, पैशाचं प्रकरण आहे. इंग्रजांकडेही एकेकाळी ‘दाऊ’ होता, आपल्या ‘तू’सारखा. तो रोजच्या बोलण्यातून गेला आणि सगळे ‘यू’ झाले. मग जवळीक-दुरावा दाखवायला बिचाऱ्यांना असल्या बारीकसारीक जागा शोधाव्या लागतात. डोन्टमधली वरची टिंबवजा रेघ ही त्यांतलीच एक. जोनाथन स्विफ्टने १७१० मध्येच ‘टॅटलर’मधून असल्या तोडलेल्या शब्दांवर आग पाखडली होती. शब्द टिकले.

म्हणून भाच्याला सांगितलं, समोरच्याचं पत्र आधी वाच. तो ‘आय’म’, ‘वी’ल’ लिहितो आणि खाली नुसतं नाव टाकतो? तूही मोकळा हो. तो पूर्ण नाव, हुद्दा, ‘रिस्पेक्टेड सर’ लिहितो? पहिलं पत्र तरी सोडवून लिही, दुसऱ्यात बघू. मात्र ‘यस, वी आर’चं ‘यस, वी’र’ कुणालाच लिहू नकोस. वाक्याच्या टोकाला होकार आखडत नाही.

एका जागी मात्र नातं बघायचं नाही. समुद्र. इथे किनारा दिसतो सपाट आणि पाणी आत ओढतं. त्याच्या मसुद्यात पूर्वी होतं, ‘प्लीज डोन्ट गो डीप’. कॉलेजची पोरं ते ‘जपून हं’ असं वाचतात आणि कमरेपर्यंत जातात. इथे डू नॉटच हवं, तेही वेगळ्या ओळीत. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळाची लेखन-नियमावलीही सांगते की डोन्ट, कान्टसारखी नकारार्थी रूपं टाळा, कारण बऱ्याच जणांना ती वाचायला जड जातात किंवा उलट अर्थाने वाचली जातात. होकारार्थी ‘यू’ल’ला त्यांची ना नाही. घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून एवढासा ‘न्ट’ निसटतो, सुटा ‘नॉट’ आडवा येतो. मराठीत हेच काम ‘नये’ करतं. ‘उतरू नका’ म्हणजे कुणीतरी माणूस सांगतोय, ‘उतरू नये’ म्हणजे पाटी बोलतेय.

आजोबांना जुन्या वळणाचं पत्र गेलं. ते फेब्रुवारीत येणार आहेत.

राहिली मुंबईची एक कंपनी. बारा माणसं, दोन रात्री, उधारी. महिन्याने भाच्याने लिहिलं, ‘वी हॅवन्ट रिसीव्हड द पेमेंट’. गोड, जणू चूक पोस्टाचीच. आणखी महिन्याने ‘वी हॅव नॉट रिसीव्हड’. त्यावर उत्तर आलं, बघतो म्हणून.

“आता तिसऱ्याला काय लिहू, मामा?”

“तिसऱ्याला फोन कर. मराठीत.”