फक्त प्रीमियम पाहून प्रवास विमा कसा घ्यावा

लेकीचं बाळंतपण फेब्रुवारीत, न्यू जर्सीला. बाबा ६८ वर्षांचे, आई ६४ची, मुक्काम पाच महिने. व्हिसा झाला, तिकिटं झाली, डिंकाचे लाडू वळून झाले. उरलं ते विम्याचं किरकोळ काम. अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाला विम्याची सक्ती नाही, त्यामुळे ते निघायच्या आदल्या आठवड्यापर्यंत ढकलता येतं, आणि ढकलावंच. घाईत माणूस एकच आकडा वाचतो. आपल्याला तेवढाच वाचायचा आहे.

तुलना करून देणाऱ्या एखाद्या वेबसाइटवर दोघांची वयं आणि तारखा भराव्यात, वैद्यकीय कव्हर १ लाख डॉलर निवडावं आणि यादी प्रीमियमच्या चढत्या क्रमाने लावावी. समजा, वरच्या पॉलिसीचा प्रीमियम ४६ हजार रुपये आहे आणि तिच्या खालचीचा ५५ हजार. दोन्हींपुढे ठळक अक्षरांत ‘१ लाख डॉलर’ लिहिलेलं आहे. माल तोच, भाव कमी. नऊ हजार वाचले. इथे लॅपटॉप मिटून चहा टाकावा.

काही संशयी माणसं मात्र चहा गार करून पॉलिसी वर्डिंग नावाची पीडीएफ उघडतात. माहितीपत्रक वेगळं आणि ही वेगळी. माहितीपत्रकात हसरं जोडपं असतं, वर्डिंगमध्ये कोणीच हसत नाही. तिच्यात ‘सब-लिमिट’ नावाचा एक तक्ता असतो, आणि साठी ओलांडलेल्यांच्या बऱ्याच पॉलिसींना तो लागू असतो. एकूण कव्हर १ लाख डॉलर असलं, तरी खोलीभाड्याला दिवसाला इतके, शस्त्रक्रियेला इतके, भूलतज्ज्ञाला सर्जनच्या रकमेच्या इतके टक्के, अशी प्रत्येक खर्चाला वेगळी वेसण त्यात घातलेली असते. आपण तो तक्ता पाहू नये. पाहिलाच तर पुढचं गणित तरी करू नये.

गणित असं. बाबा बर्फावरून घसरले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, चार दिवस दवाखान्यात राहिले. उदाहरणापुरतं बिल धरू: खोलीचे दिवसाला ४,००० प्रमाणे १६,००० डॉलर, सर्जनचे ३०,०००, भूलतज्ज्ञाचे ४,०००, तपासण्यांचे ३,०००, अॅम्ब्युलन्सचे १,५००. एकूण ५४,५००. एक लाखाच्या निम्म्यालाच जेमतेम पोचलंय, म्हणजे निर्धास्त असायला हरकत नाही.

आता आपल्या स्वस्त पॉलिसीचा तक्ता समजा असा आहे: खोलीला दिवसाला कमाल १,५००, शस्त्रक्रियेला १०,०००, भूलतज्ज्ञाला त्याच्या २५ टक्के, तपासण्यांना ५००, अॅम्ब्युलन्सला ३००. मग मिळतात ६,००० अधिक १०,००० अधिक २,५०० अधिक ५०० अधिक ३००, म्हणजे १९,३००. त्यातून पहिले १०० डॉलर आपले, त्याला डिडक्टिबल म्हणतात. हातात आले १९,२००. उरलेले ३५,३०० डॉलर जावयाच्या दारात. डॉलर ८५ रुपयांचा धरला तरी तीस लाख. कव्हरमधले ८० हजार डॉलर तसेच शाबूत राहिले, ही त्यातली जमेची बाजू. खालच्या, नऊ हजारांनी महाग पॉलिसीत हा तक्ताच नसेल, तर तिथे १०० डॉलर वजा जाऊन बाकीचं बिल मान्य व्हायला वाव होता. असो. नऊ हजार वाचलेत.

पुढचा टप्पा प्रपोजल फॉर्मचा. ‘आधीपासूनचे आजार?’ असा प्रश्न येतो. बाबांना दहा वर्षं बीपी आहे, आईला शुगर. पण बीपी हा काय आजार आहे? अर्ध्या सोसायटीला आहे! ‘नाही’वर टिचकी मारावी, प्रीमियम आणखी खाली येण्याची शक्यता असते. पुढे अमेरिकेत इमर्जन्सीत नेलं की तिथली नर्स सगळ्यात आधी चालू गोळ्या विचारते, आणि आई मोठ्या कौतुकाने पर्समधून गोळ्यांचा डबा काढून दाखवते. ते सगळं केस पेपरवर येतं आणि क्लेमबरोबर तोच केस पेपर विमा कंपनीकडे जातो. ज्यांनी फॉर्मवर खरं लिहिलं त्यांनाही फार फुशारायला नको. अनेक पॉलिसी जुन्या आजारासाठी फक्त जीवावर बेतलं तरच, आणि तेही प्रकृती स्थिर होईपर्यंतच पैसे देतात. त्यालाही वेगळी, छोटी मर्यादा असते. ती मर्यादा एका ओळीत, बहुधा पहिल्या पानावर नसलेल्या ओळीत, लिहिलेली असते. दोन पॉलिसी शेजारी ठेवून फक्त ही एक ओळ ताडून पाहिली तरी प्रीमियममधला फरक बराचसा उलगडतो, म्हणून ती वगळावी.

एक्सक्लूजन्सच्या बाकी पानांचं फार मनावर घेऊ नये. दारू प्यायल्यावर झालेली इजा, उपचारासाठीच केलेला प्रवास ही मंडळी जवळजवळ सगळीकडे भेटतात. एक कलम मात्र जरा खोडकर आहे: भारतात परतेपर्यंत थांबू शकणारे उपचार चालत नाहीत. दाढ ठणकली तर पैसे, कवळी नीट बसत नाही म्हणून गेलात तर नाही.

राहता राहिलं ट्रिप कॅन्सलेशन. हे कलम कधीही न वाचता मनाने पूर्ण करावं: ‘काही कारणाने जाणं रद्द झालं तर पैसे परत.’ किती सुटसुटीत आहे! प्रत्यक्षात तिथे कारणांची यादी असते आणि यादीबाहेरचं कारण हे कारणच नव्हे. जावेसं वाटत नाही, लेकीची सासू आधीच येऊन बसली, ही कितीही सबळ असोत, यादीत सापडत नाहीत. घरच्यांचं आजारपण असतं, पण ‘घरचे’ म्हणजे कोण हे कंपनी ठरवते. नवरा-बायको, मुलं, आई-वडील बहुधा असतात. सासू-सासरे कुठे असतात, कुठे नसतात. ज्या काकूंनी बाबांना लहानाचं मोठं केलं त्या सहसा नसतात.

आपल्या घरात तर पेच आणखी बारीक आहे. बाबांची ९१ वर्षांची आई धाकट्या भावाकडे आहे आणि तिचं हृदय अशक्त आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. निघायच्या चार दिवस आधी ती दवाखान्यात गेली, तर आई म्हणून ती यादीत बसते, पण तिचा आजार जुना. प्रवास करणाऱ्याचाच नव्हे, घरी राहिलेल्या नातेवाइकाचाही जुना आजार पुष्कळ ठिकाणी वगळलेला असतो. शिवाय आदल्या आठवड्यात विमा घेतला आणि आजी त्याआधीच आजारी होती, तर माहीत असलेल्या घटनेचा विमा उतरवला असं होतं. आणि हे सगळं जमून आलं तरी मिळतं ते विमान कंपनी जे परत देत नाही तेवढंच, तेही मर्यादेपर्यंत. पूर्ण परतावा मिळणारं तिकीट काढलं असेल, तर या कलमासाठी जास्त प्रीमियम भरण्यात काही अर्थच नाही. पण तिकिटाच्या अटी वाचायला आता कुठे वेळ आहे?

शेवटी एक पथ्य. काही लोक दोन्ही कंपन्यांना मेल करून विचारतात: ६८ वर्षांच्या माणसाला सब-लिमिट लागते का, बीपीचं निमित्त झालं तर किती डॉलर मिळतील, घरी असलेल्या ९१ वर्षांच्या आईसाठी प्रवास रद्द केला तर चालेल का. असं अजिबात करू नये. त्यावर एजंटचा फोन येतो, ‘काका, तसलं काही नसतं हो, तुम्ही बिनधास्त जा.’ इथे समाधान मानून फोन ठेवावा. ‘हेच जरा कलम नंबर टाकून मेलवर पाठवता का?’ असं विचारलं की पलीकडचा आवाज अचानक तुटायला लागतो, आणि नेटवर्कची बिचाऱ्याची काही चूक नसते.