इंजिन पान एकवर, डबे पान दोनवर

इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत ए ग्रेड मिळालेला माणूस आयुष्यभर धोकादायक राहतो. बाकीचे लोक ते सर्टिफिकेट कपाटात टाकून कामाला लागतात. मी कामाला लागलो, पण सर्टिफिकेट डोक्यातून गेलं नाही. जळगावात नोकरी करता करता चलनांच्या मागे, लग्नपत्रिकांच्या पाकिटांवर, पोरीच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी चित्रं काढत राहिलो. एखाद्याने "वा, हुबेहूब!" म्हटलं की पुढचे पंधरा दिवस घरात माझ्याशी बोलणं अवघड व्हायचं. मुलगी गोष्टी ऐकण्याच्या वयाची झाली आणि मी जाहीर केलं, की मी लहान मुलांसाठी चित्रांचं पुस्तक करणार. लिहिणार मीच, काढणारही मीच. बायको म्हणाली, "करा. पण आधी गॅसचा नंबर लावा."

कल्पना माझ्याकडे तयार होती. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणून पुस्तकाचं नाव 'घड निघाला दिल्लीला'. सावद्याच्या शेतातून घड निघतो, रेल्वेत बसतो, वाटेत देश बघतो आणि दिल्लीला पोचतो. भूगोल आला, शेती आली, राष्ट्रीय एकात्मताही आली. मुलांना यातलं काय हवं असेल, हा प्रश्न मला पडलाच नाही. मी थेट जाड हॅन्डमेड कागद आणले आणि चोवीस पानं जलरंगात रंगवून टाकली. मजकूर चौदाशे शब्दांचा झाला. तो बसेना, तेव्हा अक्षर बारीक केलं.

पहिला वाचक सावद्याचा चुलतभाऊ. त्याची केळी खरी आहे. त्याने झाडावरच्या घडाचं चित्र हातात घेतलं आणि ते उलटं धरून बघू लागला.

"सुलट धर ना," मी म्हटलं.

"दादा, सुलट हेच आहे. तू उलटं काढलंय."

झाडावर घड खाली लोंबतो, पण त्यातलं प्रत्येक केळं टोक वर करून वाढतं. मी सगळी केळी बाजारातल्या टोपलीतल्यासारखी खाली तोंड करून टांगली होती. जन्मापासून केळीच्या जिल्ह्यात राहून मी झाडावरचा घड नीट बघितलाच नव्हता. पुढे गाडी भरण्याचं चित्र होतं, आणि त्यात केळी पिवळीधमक. भाऊ शांतपणे म्हणाला, "अशी भरली तर दिल्लीला शिकरण पोचेल." माल हिरवाच कापतात, हिरवाच भरतात आणि जिथे विकायचा तिथे पोचल्यावर पिकवण्याच्या खोल्यांत पिकवतात. माझ्या पुस्तकातला सगळा पिवळा रंग, म्हणजे माझी अर्धी ट्यूब, शेवटच्या दोन पानांपुरताच खरा होता.

तरीही चित्रं सुंदर आहेत, असं माझं मत कायम राहिलं. ती घेऊन मी पारोळ्यामार्गे एस.टी.ने धुळ्याला गेलो. सासऱ्यांचा तिथे छापखाना होता. खिळ्यांपासून ऑफसेटपर्यंत सगळं त्यांनी हाताने केलेलं, आणि निम्म्या गावाच्या लग्नपत्रिका त्यांच्या हातून गेलेल्या. घरात शुद्ध मराठी बोलणारे सासरे धंद्याचा विषय निघाला की अहिराणीवर येतात. चित्रं बघता बघता ते म्हणाले, "जवाई, हाई काय शे?"

"पान एक आणि दोन. पूर्ण रेल्वे. दोन्ही पानांवर मिळून एकच चित्र."

ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी कोरे सहा कागद एकावर एक ठेवले, मधोमध दुमडले, घडीवर दोन पिना मारल्या आणि चोवीस पानांची कोरी वही माझ्या हातात दिली. "आता पान एकवर इंजिन काढा."

काढलं.

"आता दोनवर डबे."

मी पान उलटलं आणि थांबलो. पुस्तक उघडलं की पान एक उजव्या हाताला एकटंच असतं आणि पान दोन त्याच्या पाठीला. समोरासमोर येतात ती दोन-तीन, चार-पाच, अशी शेवटी बावीस-तेवीस. मी सगळी चित्रं एक-दोन, तीन-चार अशा जोड्यांत रंगवली होती. म्हणजे इंजिन एका बाजूला, डबे कागदाच्या पलीकडे. दिल्लीला पोचणं दूरच, माझी रेल्वे जळगाव स्टेशनच्या बाहेर पडतानाच कागदात शिरून गायब होत होती. पुढच्या जोड्यांतही नदीचा पूल अर्धा इकडे, अर्धा पाठीमागे.

मग त्यांनी पट्टी घेतली आणि उरलेली शस्त्रक्रिया केली. छापल्यावर पुस्तक तीन बाजूंनी कापतात, म्हणून रंग कडेच्या बाहेर तीन मिलिमीटर तरी सांडलेला हवा, आणि अक्षरं कडेपासून चांगली आत. माझी अक्षरं कडेला चिकटून होती. "लग्नपत्रिकेत मुलाच्या आत्याचं नाव कटिंगमध्ये गेलं होतं एकदा," ते म्हणाले, "आत्या अजून बोलत नाही." बारा-तेरा ही वहीची बरोबर मधली जोडी, आणि तिथेच पिना बसतात. माझ्या जोड्या एकेक पान पुढे सरकवल्या, तरी बाजारातल्या मुख्य मुलीचं तोंड नेमकं त्या घडीवर येत होतं. एक पिन तिच्या नाकातून जाणार होती. जोडपानाच्या मधोमध रस्ता चालतो, भिंत चालते, आभाळ चालतं. तोंड चालत नाही.

मला वाटलं, आता निदान गोष्ट तरी वाचेल. तिचा निकाल सात वर्षांच्या भाचीने लावला. सासऱ्यांनी सांगितलं, "मजकूर झाका, नुसती चित्रं दाखवा. मग चित्रं झाका, नुसता मजकूर वाचा." चित्रं झाकून वाचलं तेव्हा सगळं कळत होतं. म्हणजे चित्रांची गरजच नव्हती. 'बाबांनी लाल पागोटं घातलं होतं' असं लिहून वर लाल पागोटं रंगवलेलं. जे दिसतंय तेच वाचायचं, म्हणजे पोराला एकच घास दोनदा भरवण्यासारखं.

भाचीने एका पानावर बोट ठेवलं. "मामा, या पाच जुळ्या बहिणी आहेत का?"

हा माझा अभिमानाचा बिंदू होता. अजिंठा आमच्या जळगावच्या उशाशी, आणि तिथल्या सतराव्या लेण्यात विश्वंतर राजपुत्र एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा दिसतो. कधी महालात, कधी रथात, कधी वनात, मध्ये चौकटसुद्धा नाही. तीच थोर परंपरा पुढे चालवत मी एकाच पानावर तीच मुलगी पाच वेळा काढली होती. पण लेण्यात बघणारा भिंतीच्या कडेने चालत जातो, त्याच्या पायांनी गोष्टीतला काळ पुढे सरकतो. पुस्तकात मूल मांडीवर बसलेलं असतं. तिथे काळ पान उलटल्यावर सरकतो, आणि मी एकाही पानावर ते उलटावंसं वाटेल असं काही ठेवलं नव्हतं.

"आणि ही बकरी कुठे चालली?" भाचीने विचारलं. रिकामा कोपरा भरायला मी सगळीकडे एक बकरी काढली होती. तिला सगळ्या पुस्तकातलं तेवढंच आवडलं होतं.

परतल्यावर मी ग्रंथालयाच्या बालविभागात जाऊन बसलो. तिथल्या खुर्च्या माझ्यासाठी बनवलेल्या नाहीत. माधुरी पुरंदरे यांचं ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेलं 'राधाचं घर' पुन्हा उघडलं. लिहिणारी आणि चित्रं काढणारी बाई एकच, आणि विषय केवढा? तर एक लहान मुलगी आणि तिच्या घरातली माणसं. दिल्ली नाही, भूगोल नाही. बाहेरचं उदाहरण पॅट हचिन्स यांच्या १९६८ सालच्या 'रोझीज वॉक'चं. कोंबडी फिरायला निघते, कोल्हा तिच्या मागे लागतो आणि दर वेळी फजीत होतो. सगळा मजकूर बत्तीस शब्दांचा, आणि त्यात कोल्ह्याचं नावसुद्धा नाही. तो फक्त चित्रात आहे. म्हणून ऐकणाऱ्या पोराला वाचणाऱ्या मोठ्या माणसापेक्षा जास्त कळतं, आणि ते ओरडत सुटतं.

मग मी बकरीला बढती दिली. चोवीस पानांत पहिलं आणि शेवटचं पान एकटं. उरतात अकरा जोडपानं. घडाला मी नऊ फण्या दिल्या. पहिल्या जोडपानावर आजोबा शेतातून बैलगाडीत घड घालून लेकीच्या गावी निघतात, गाडीच्या मागे बकरी बांधलेली. पुढच्या नऊ जोडपानांवर दर वेळी एक फणी कमी. अकराव्यावर लेकीचं दार, आणि आजोबांच्या हातात नुसता दांडा. आजोबांचं तोंड रस्त्याकडे असल्यामुळे त्यांना काहीच दिसत नाही. मजकूर फक्त त्यांच्या बोलण्याचा: वाट कशी आहे, नातवाला केळी किती आवडतात, घड कसा जपून आणलाय. बकरीचं नाव कुठेच नाही. उजव्या पानाच्या कडेला फक्त तिचं तोंड घडाकडे वळलेलं. पान उलटलं की फणी गेलेली.

चुलतभावाने पुन्हा हरकत घेतली. नऊ फण्या म्हणजे शंभरावर केळी, बकरी मरेल. भाची म्हणाली, मरणार नाही, दर पानाला फुगेल. मी भाचीचं ऐकलं. केळी टोक वर करून आणि हिरवी हवी, त्यात सवलत नाही, कारण ती बघितलेलं पोर लगेच पकडतं. बकरी मात्र शेवटी गाडीएवढी झाली तरी चालते. केळी खरी हवी, बकरी खोटी चालते, हा नियम मला अर्धी ट्यूब पिवळा रंग घालवून मिळाला.

चौदाशे शब्दांचे साठ राहिले. एका प्रकाशनसंस्थेकडे आधी मी चोवीसही रंगीत पानं पुठ्ठ्यात बांधून पाठवली होती. ती परत आली, वर एका ओळीत प्रश्न: 'चित्रं ठीक, पण गोष्ट कुणाची?' त्या वेळी मी रागावलो होतो. आता पाठवलंय ते एवढंच: मजकूर, पेन्सिलीत काढलेली लहानशी कच्ची वही आणि नमुन्याला दोन पूर्ण रंगवलेली जोडपानं. चोवीस पानं आधीच रंगवली की बदल सुचवणाऱ्याची जीभ अडखळते आणि आपला हात तर अजिबात वळत नाही. उत्तर अजून आलेलं नाही. जुनी रंगीत चित्रं बायकोने कपाटात, सर्टिफिकेटच्या खाली ठेवली आहेत.

तुमच्या घरात असा कुणी चित्रकार बाप किंवा आई असेल, तर त्यांना रंग विकत घेऊन देऊ नका. सहा कोरे कागद द्या, मधोमध दुमडायला सांगा, दोन पिना मारा आणि पानांवर आकडे घाला. कल्पना त्या अकरा जोडपानांत पेन्सिलीने मावली, आणि कडेवरचं पोर पान उलटायला हात पुढे करू लागलं, तरच रंगांची पेटी उघडू द्या.